मंगळागौर: नव्या सुनांचे आणि त्यांच्या आयांचे नेहमीचे प्रश्न

आषाढ संपत आला की आमच्या ओळखीतल्या लग्न झालेल्या मुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. आमच्या घरात आणि शेजारपाजारी जसं बघत आले, तसं हे आहे. तुमच्याकडे एखादी गोष्ट वेगळी असेल तर आधी घरातल्या जुन्या बाईला विचारा आणि तिचंच ऐका.

मंगळागौर म्हणजे नक्की काय, एक दिवसाचा कार्यक्रम की व्रत?

व्रत. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. नऊवारी नेसून, हॉल घेऊन, पन्नास बायका जमवून रात्र जागवणं हा त्या व्रताचा एक दिवस झाला. मूळ व्रत म्हणजे लग्नानंतरची पाच वर्षं, श्रावणातल्या प्रत्येक मंगळवारी गौरीची पूजा. थाटाचा मंगळवार बहुतेक घरांत पहिल्या वर्षी एकदाच होतो. बाकीचे मंगळवार घरात, साधेपणाने, ऑफिसला जायच्या आधीसुद्धा उरकता येतात. हे एकदा ध्यानात घेतलं की खर्चाचं आणि दमणुकीचं अर्धं ओझं उतरतं.

पूर्वी हे व्रत मुख्यतः ब्राह्मण, सारस्वत, सीकेपी अशा घरांत व्हायचं. आता ज्यांना आवडतं ते करतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

पहिली मंगळागौर कुठे करायची, माहेरी की सासरी?

रीत अशी की पहिल्या वर्षीची माहेरी, पुढच्या वर्षांची सासरी. पण रीत झाली तेव्हा सासर-माहेर एकाच पंचक्रोशीत असायचं. आता मुलगी हैदराबादला, आई साताऱ्यात आणि सासू डोंबिवलीत असते. अशा वेळी दोन्ही घरांनी एक मंगळवार ठरवून एकत्र मोठी पूजा केलेली मी पाहिली आहे, बाकीच्या मंगळवारी ती मुलगी आपल्याच घरी पूजा करायची. दोन विहिणींमध्ये «आमच्याकडे की तुमच्याकडे» यावरून श्रावणभर तणातणी चालण्यापेक्षा हे बरं.

पाच वर्षं मोजायची कशी? यंदाचे मंगळवार कोणते?

वर्ष मोजायचं ते लग्नाच्या तारखेवरून नाही, श्रावणावरून. समजा लग्न डिसेंबर 2025 मध्ये झालं. मग पहिला श्रावण 2026 चा, आणि पुढे 2027, 2028, 2029. पाचवा श्रावण 2030 चा, आणि त्यातच उद्यापन.

2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे श्रावण उशिरा लागतो, 13 ऑगस्टला. त्यामुळे मंगळवार येतात ते 18 ऑगस्ट, 25 ऑगस्ट, 1 सप्टेंबर आणि 8 सप्टेंबर. गणपती लगेच 14 सप्टेंबरला आहेत, तेव्हा शेवटचा मंगळवार मोठ्या कार्यक्रमाला धरू नका. घरात गणपतीची तयारी आणि मंगळागौरीचा पसारा एकाच वेळी होतो.

2027 मध्ये मात्र श्रावण मंगळवारीच सुरू होतो आणि मंगळवारीच संपतो: 3, 10, 17, 24 आणि 31 ऑगस्ट. म्हणजे पाच मंगळवार. चार करायचे की पाच, असा प्रश्न मग येतोच. जेवढे येतील तेवढे करायचे.

इथे एक खड्डा आहे. इंटरनेटवर «मंगला गौरी व्रत» शोधलं की उत्तर भारतातल्या तारखा येतात. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. 2026 साठी त्या यादीत 4 आणि 11 ऑगस्टही दिसतील. आपल्याकडे तेव्हा आषाढाचा कृष्णपक्ष चालू असेल. परदेशातल्या मुली यात हमखास फसतात. मराठी दिनदर्शिका समोर ठेवा, आणि मंगळवार धरायचा तो तुम्ही जिथे राहता तिथला.

श्रावणच अधिक आला, जसा 2023 मध्ये आला होता, तर मंगळागौर निज श्रावणात करतात.

वशेळ्या म्हणजे कोण? किती लागतात?

तुमच्याबरोबर पूजेला बसणाऱ्या इतर नवविवाहिता, म्हणजे ज्यांची पाच वर्षं अजून चालू आहेत त्या. कुणी वसोळ्या म्हणतात. पाच किंवा सात बोलावतात. मिळाल्या नाहीत म्हणून पूजा अडत नाही, एकटीनेही होते. पण शक्य असेल तर दोन-तीन तरी जमवा, कारण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात सासरच्या गोष्टी समवयस्क मुलींशी बोलायला मिळण्याची ही हक्काची जागा होती आणि अजूनही आहे.

वशेळ्या मिळवायची युक्ती: दोन मैत्रिणींनी मंगळवार वाटून घ्यायचे. एका मंगळवारी ती तुझ्याकडे, दुसऱ्या मंगळवारी तू तिच्याकडे. प्रत्येकीने आपापली अन्नपूर्णा घेऊन जायचं.

पूजेला कोणती मूर्ती लागते? माझ्याकडे अन्नपूर्णा नाही.

लग्नात माहेरून दिलेली अन्नपूर्णा हीच मंगळागौर म्हणून पुजतात, शेजारी महादेवाची पिंड ठेवतात. तुमच्या लग्नात अन्नपूर्णा दिली नसेल तर हळदीची गौर करा किंवा सुपारी मांडा. ऐन श्रावणात घाईघाईने चांदीची मूर्ती विकत आणायलाच हवी असं काही नाही.

पूजेचा क्रम सांगाल का?

सांगते, पण मंत्र सांगणारं कुणीतरी सोबत असलेलं बरं. गुरुजी बोलवायचे असतील तर आषाढातच सांगून ठेवा. श्रावणातल्या मंगळवारी एकेका गुरुजींना सकाळपासून चार-चार घरं असतात. त्यांनी «नऊला येतो» म्हटलं आणि अकरा वाजले, तर उपाशी मुली आणि चिडलेली आजी असं दृश्य तयार होतं.

चौरंगाखाली रांगोळी, चौरंगावर तांदूळ, त्यावर अन्नपूर्णा आणि पिंड. चौरंगाला केळीचे खांब किंवा नुसती पानं बांधायची. आधी सुपारीच्या गणपतीची आणि कलशाची पूजा. मग देवीला पंचामृत, स्नान, वस्त्र, हळदकुंकू, काजळ, बांगड्या, गळेसरी. नंतर फुलं आणि पत्री. मग धूप, दीप, नैवेद्य, आरती. शेवटी हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकायची आणि कहाणी संपली की त्या अक्षता देवीला वाहायच्या.

पाच जणी एकत्र बसल्या तर निवांत दीड तास धरा. एकटीची साधी पूजा पाऊण तासात होते.

पूजेनंतरचं जेवण व्रत करणाऱ्या मुलीने मुक्याने जेवायचं, म्हणजे पानावर बसल्यापासून उठेपर्यंत बोलायचं नाही. समोर बसलेल्या नणंदा आणि दीर हसवायचा प्रयत्न करतात. तोही आता रिवाजच झाला आहे म्हणायचा.

सगळीकडे सोळा-सोळा का?

देवीची पूजा षोडशोपचारे, म्हणजे सोळा उपचारांनी होते, आणि मंगळागौरीत हा आकडा पुढे सगळीकडे पसरला आहे. सोळा प्रकारची पत्री, वातीला सोळा तंतू, आरतीला कणकेचे सोळा दिवे. तांदूळ, डाळ, जिरं, धणे यांचेही सोळा-सोळा दाणे मोजून वाहतात. हे दाणे मोजायचं काम आदल्या रात्री घरातल्या लहान मुलांना द्या. ती आनंदाने करतात, आणि चुकली तरी देवी मोजायला बसत नाही.

सोळा प्रकारची पत्री मिळवायची कशी?

साधारण या झाडांची पानं घेतात: आघाडा, दूर्वा, बेल, तुळस, शमी, माका, रुई, धोत्रा, कण्हेर, जाई, चमेली, मोगरा, डाळिंब, बोर, डोरली, अर्जुनसादडा, विष्णुक्रांता, देवदार. ही अठरा झाली. यातली जी सोळा मिळतील ती घ्यायची.

दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या मंडईत सोमवारी बांधलेल्या जुड्या मिळतात. जुडी घरी आणून सोडली की बऱ्याचदा सात-आठच प्रकार निघतात, बाकी त्याच पानांची भर असते. म्हणून दुकानातच जुडी उलगडून बघा. आघाडा त्याच्या लांब, काटेरी तुऱ्यावरून ओळखू येतो, शमीची पानं बारीक आणि काळपट हिरवी असतात, रुईचं पान जाड आणि तोडलं की पांढरा चीक येतो. कमी पडली तर सोसायटीच्या बागेतून जाई, मोगरा, डाळिंब, तुळस, दूर्वा या पाच तरी सहज जमतात.

आता महत्त्वाचं. धोत्रा, कण्हेर आणि रुई ही तिन्ही विषारी आहेत. पूजेत चालतात, पोटात नाही. पत्री हाताळून झाली की साबणाने हात धुऊनच नैवेद्याला हात लावा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टरकडे धावावं लागतं. रांगत्या बाळाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी परडी ठेवू नका. जेवणानंतर तुळशीचं पान तोंडात टाकायची रीत काही घरांत आहे. ते पान पत्रीच्या परडीतून उचलू नका, कुंडीतून वेगळं तोडा.

कणकेचे दिवे फुटतात, तूप गळतं. काय चुकतं?

कणीक सैल मळली जाते. पोळीपेक्षा बरीच घट्ट, पुरीला भिजवतो त्याहूनही थोडी घट्ट हवी. हळद आणि चमचाभर तूप घालून मळा, अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढी गोळी घेऊन अंगठ्याने खळगा करा आणि तळ जाड ठेवा. करून झालेले दिवे ओल्या फडक्याखाली ठेवले नाहीत तर पंख्याच्या वाऱ्याने कडा वाळून चिरा पडतात. काहीजणी दिवे वाफवून घेतात, ते गळत नाहीत. दोन वाट्या कणकेत सोळा दिवे आरामात होतात. दोन जास्तीचे करून ठेवा.

सोळा दिवे पेटले की ताट तापतं, हे पहिल्यांदा करणाऱ्या मुलीला कुणी सांगत नाही. मोठी परात घ्या, दिव्यांखाली तांदूळ पसरा आणि परात दोघींनी धरा. जरीचा पदर आधीच खोचून ठेवा.

कहाणीत काय आहे, आणि आईला वाण का द्यायचं?

एका वाण्याला मूल नव्हतं. देवीच्या कृपेने मुलगा झाला, पण अल्पायुषी. तो आठ वर्षांचा झाल्यावर मामाबरोबर काशीला निघाला. वाटेत एका गावात मुली खेळत होत्या. त्यातली एक दुसरीला रांड म्हणाली, तेव्हा ती ठसक्यात म्हणाली की माझी आई मंगळागौरीचं व्रत करते, आमच्या कुळात असं कुणी होणार नाही. मामाने हे ऐकलं आणि भाच्याचं लग्न हिच्याशीच लावायचं ठरवलं.

लग्नाच्या रात्री देवी मुलीच्या स्वप्नात आली. नवऱ्याला डसायला साप येईल, त्याला दूध ठेव, जवळ कोरा कऱ्हा ठेव, साप त्यात शिरला की चोळीने तोंड बांध आणि सकाळी आईला वाण दे. मुलीने तसंच केलं. मधेच नवऱ्याला भूक लागली म्हणून तिने लाडू दिले, त्याने हातातली अंगठी काढून ठेवली. पहाटे मामा-भाचे निघून गेले. आईने कऱ्हा उघडला तर आत हार निघाला. पुढे त्या अंगठीवरून आणि लाडवाच्या ताटावरून नवरा-बायकोची ओळख पटते.

वाण इथूनच आलं. पाचव्या वर्षी उद्यापनात मुलगी आईला कलश किंवा भांडं, लाडू आणि साडी-चोळी वाण देते. काही घरांत त्यात चांदीचा छोटा नाग घालतात. आई नसेल तर मावशी, काकू, सासू, जिने तुम्हाला वाढवलं तिला द्या. माझ्या एका मैत्रिणीने आत्याला दिलं होतं, आत्या विधवा होती. बरीच कुजबुज झाली. मला ते वाण सगळ्यात योग्य हातात गेलं असं वाटतं.

कहाणीतला «रांड» हा शब्द वाचायचा का?

आमच्याकडे वाचणारी बाई तो शब्द गाळून «वाईट शब्द बोलली» म्हणते. गोष्ट तेवढ्याने अडत नाही.

रात्रीच्या जेवणाला काय करतात?

दुपारी पुरणाचा बेत. रात्री खेळायचं असतं म्हणून पोट भरेल पण जड वाटणार नाही असं: भाजणीचे वडे, मटकीची उसळ, वाटली डाळ, मुगाची खिचडी, ताक. वडे हलके नसतात हे मान्य आहे, पण ते वगळायला कुणी तयार होत नाही.

फसते ती मटकी. श्रावणात हवा गार आणि दमट असते, मोड यायला वेळ लागतो. मंगळवारी रात्री उसळ हवी असेल तर रविवारी रात्री भिजत घाला, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा आणि मंगळवारी सकाळी उघडा. वीस माणसांना, इतर पदार्थ असताना, पाऊण किलो कोरडी मटकी पुरते. मटकी चिकट झाली आणि आंबूस वास आला तर धुऊन वाचवायच्या फंदात पडू नका. सकाळी कळलं तर अजून वेळ असतो, उसळ दुसऱ्या कडधान्याची करा.

वडे तेल पितात ते पीठ सैल झाल्यामुळे. भाजणीत कडकडीत मोहन घालून गरम पाण्याने घट्ट भिजवा, तासभर मुरू द्या, आणि थापताना मधे भोक पाडायला विसरू नका.

खेळ कोणते आणि कोणत्या क्रमाने?

एकदम फुगडीने सुरुवात करू नका. जेवून उठलेल्या, वर्षभर खुर्चीत बसून काम केलेल्या मुलींनी थेट गिरकी घेतली की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी कंबर धरून बसतं.

आमच्याकडे झिम्म्याने सुरुवात होते. गोलात फिरत, टाळ्या देत, गाणी म्हणत अंग मोकळं होतं आणि लाजऱ्या मुलीही आत येतात. करवंट्या हातात घेऊन झिम्मा खेळला की ठेका फार छान लागतो. मग «नाच गं घुमा», «अडवळ घूम पडवळ घूम», पिंगा. पिंग्यात सवाल-जवाब असतात, एकीने माहेरची बाजू घ्यायची, दुसरीने सासरची. नव्या सुनेला सासूसमोर सासूची टिंगल करायची मुभा असलेली ही एकमेव रात्र, आणि चांगल्या सासवा त्यात स्वतःच भर घालतात.

त्यानंतर फुगड्या. साधी फुगडी, एका हाताची, मग बसून खेळायची बसफुगडी. जमिनीवरचे खेळ शेवटी: आगोटापागोटा, लाट्या, आणि पायाचे अंगठे धरून लोळायचं ते गाठोडं. हे येणाऱ्या बायका आता साठीच्या पुढच्या आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्या, पण त्यांनाच करून दाखवायला लावू नका. मधे दम घ्यायला भेंड्या आणि उखाणे.

फुगडी घालताना पडायला होतं. काही युक्ती?

हात फुलीसारखे करून घट्ट धरायचे, दोघींच्या पायांचे चवडे एकमेकींना लागलेले हवेत, कोपर सरळ ठेवून वजन मागे टाकायचं. पडतात त्या घाबरून पुढे झुकतात म्हणून. उंची आणि वजन साधारण सारखं असेल अशी जोडी निवडा. गिरकी थांबवताना हात एकदम सोडायचे नाहीत, वेग कमी करत उभं राहायचं.

टाइल्सवर मोजे घालून फुगडी म्हणजे अपघाताला आमंत्रण. अनवाणी खेळा. फुलं आणि पाणी आधी पुसून घ्या. काचेच्या बांगड्या फुटून मनगट कापतं, तेव्हा फुगडीपुरत्या थोड्या मागे सारून वर रुमाल बांधा.

गरोदर मुलीने पूजेला बसावं, झिम्म्याला टाळ्या द्याव्यात, फुगडी नको. व्रत पुढे चालू ठेवायचं का, याची रीत घरागणिक वेगळी आहे.

खेळ घेणारा ग्रुप बोलवावा का?

पुण्या-मुंबईत असे बरेच ग्रुप आहेत आणि त्यांच्या बायका सुंदर खेळतात. पण अनेकदा असं होतं की त्या दोन तास खेळतात आणि जिची मंगळागौर ती खुर्चीत बसून मोबाईलमध्ये शूटिंग करते. बोलावलं तर आधीच सांगा की निम्मा वेळ घरच्या बायकांना आत घ्यायचं.

आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. तसा नियमच आहे, आणि खालच्या मजल्यावरच्यांना सकाळी कामाला जायचं असतं. त्यानंतर भेंड्या आणि उखाणे खेळा, जागरण तसंही होतं. गादी किंवा सतरंजी अंथरून खेळलं तर खाली आवाज कमी जातो, पण सतरंजी घसरते. जाड जाजम बरं.

मंगळवारीच पाळी आली किंवा सुतक असलं तर?

रीतीप्रमाणे तो मंगळवार सोडून पुढचा धरतात. ठरलेला मोठा कार्यक्रम असेल तर पूजा घरातलं दुसरं कुणी करतं आणि मुलगी खेळात भाग घेते. पाळी असताना पूजा करणाऱ्या मुलीही आता आहेत. तो तुमचा निर्णय. फक्त गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायची तर स्वतःच्या मनाने नको, डॉक्टरांना विचारून.

दुसऱ्या दिवशी काय करायचं?

बुधवारी सकाळी उत्तरपूजा. देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, अक्षता टाकून मूर्ती हलवायची आणि अन्नपूर्णा परत देवघरात, तिच्या तांदळात ठेवायची. पत्री आणि फुलं पूर्वी विहिरीत किंवा नदीत सोडत. आता सोसायटीच्या खतखड्ड्यात किंवा बागेत झाडाच्या बुंध्याशी घाला. धोत्र्याची बोंडं आणि कण्हेर तेवढी आधी वेगळी काढून पुरा, म्हणजे मांजरं-गाई त्यात तोंड घालणार नाहीत. कणकेचे दिवे, तूप जळून काळे झाले असले तरी, पक्ष्यांना न घालता त्याच खड्ड्यात जाऊ द्या.

चौरंगावरचे तांदूळ घरातच वापरतात. आमची आजी त्याचा साखरभात करायची आणि रात्रभर जागून झोपलेल्या मुलींना दुपारी उठवून वाढायची.